संख्या कधी तक्रार करते का? ‘वन ऑफ द’, ‘ईच अँड एव्हरी’ आणि दोन प्रकारचे ‘नंबर’

सोसायटीचा सचिव झालो त्या वर्षी मी लिफ्टशेजारी एक इंग्रजी नोटीस लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर लाल पेनाने सहा गोल काढलेले होते. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना ‘बाई’च म्हणते. गोल कुणाचे, हे विचारावं लागलं नाही. नोटीस अशी होती:

“वन ऑफ द लिफ्ट आर अंडर रिपेअर. अ नंबर ऑफ मेंबर्स हॅज कम्प्लेन्ड अबाउट इट. ईच अँड एव्हरी मेंबर्स आर रिक्वेस्टेड टू यूज द स्टेअर्स. द नंबर ऑफ पर्सन्स इन द अदर लिफ्ट आर लिमिटेड टू फोर.”

मी वर गेलो. बाईंनी दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अरे, संख्या कधी तक्रार करते का? तक्रार माणसं करतात.” त्या एका प्रश्नाने दोन प्रकारच्या ‘नंबर’मधला फरक मला जेवढा कळला, तेवढा शाळेच्या दहा वर्षांत कळला नव्हता. त्यानंतर ऑफिसची पत्रं तपासताना मी हीच वाक्यं एवढ्यांदा दुरुस्त केली आहेत, की आता ती कशी चुकतात यापेक्षा मराठी माणसाच्या हातून ती का चुकतात, यात मला जास्त रस आहे. कारण सापडलं की नियम पाठ करावा लागत नाही.

इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितो आहे. या चुका स्पेलिंगच्या नाहीत, कानाच्या आहेत. ‘इज’ की ‘आर’, ‘हॅज’ की ‘हॅव’, आणि नामाच्या शेवटी अनेकवचनाचा ‘स’ ऐकू येतो की नाही, एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

आधी मराठीतलं क्रियापद कुणाचं ऐकतं ते बघू

‘मुलगी आंबा खाते’ यात ‘खाते’ हे मुलीचं ऐकतं. ‘मुलीने आंबा खाल्ला’ म्हटलं की ‘खाल्ला’ आंब्याचं ऐकायला लागतं, कारण मुलीला ‘ने’ लागला. ‘मुलीने पोळी खाल्ली’, ‘मुलीने लाडू खाल्ले’: मुलगी तीच, क्रियापद मात्र प्रत्येक वेळी वेगळं. मराठीत ज्या नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागतं, त्याचा क्रियापदावरचा हक्क जातो. हा नियम आपण कधी शिकत नाही, पण चार वर्षांचं पोरही तो मोडत नाही.

आता ‘सभासदांपैकी एक आजारी आहे’ हे वाक्य घ्या. सभासद पन्नास असोत, त्यांना ‘पैकी’ लागलेलं आहे. त्यांचा हक्क गेला. उरला ‘एक’, म्हणून ‘आहे’. कुणीही मराठी माणूस इथे ‘आहेत’ म्हणणार नाही.

इंग्रजीतला ‘ऑफ’ हेच काम करतो. तो म्हणजे आपला ‘पैकी’ किंवा ‘चा-ची-चे’. त्याच्या मागून येणारं नाम प्रत्यय लागल्यासारखंच असतं, त्याला क्रियापद हलवता येत नाही. मग तेच वाक्य इंग्रजीत चुकतं कसं? दोन कारणांनी. एक तर मराठीत ‘सभासद’चं ‘सभासदां-’ होतं, शब्दाचा चेहराच बदलतो. इंग्रजीत ‘मेंबर्स’ हा ‘ऑफ’च्या मागेही ‘मेंबर्स’च राहतो, कर्ता असला तरी ‘मेंबर्स’च. दुसरं म्हणजे जागा. मराठीत ‘एक’ हा ‘सभासदांपैकी’च्या नंतर, म्हणजे क्रियापदाच्या बाजूला येतो. इंग्रजीत ‘वन’ मागे पडतो आणि ‘मेंबर्स’ क्रियापदाला खेटून उभा राहतो. कान शेवटचा शब्द ऐकतो, ‘मेंबर्स’, आणि जीभ ‘आर’ म्हणून मोकळी होते.

म्हणून पहिली पायरी ही: वाक्यात ‘ऑफ’ शोधा, आणि ‘ऑफ’पासून त्याच्या नामापर्यंतचा तुकडा बोटाने झाका. ‘वन … इज अंडर रिपेअर.’ ‘द नंबर … इज लिमिटेड टू फोर.’ झाकल्यावर जे उरतं, ते क्रियापद ठरवतं. याला अपवाद आहेत, आणि त्यातला आपल्या कामाचा अपवाद ‘अ नंबर ऑफ’चा. त्याच्याकडे येतोच.

‘वन ऑफ द’: इथे चुका दोन होतात

माझ्या नोटिशीत पहिल्याच वाक्यात दोन गोल होते, एक ‘आर’भोवती आणि दुसरा ‘लिफ्ट’भोवती. ‘आर’चं कारण वर आलं. ‘लिफ्ट’ची चूक जास्त हट्टी आहे आणि ती खास आपल्याकडची आहे.

आपण सहसा ‘माझ्या मित्रांपैकी एक नाशिकला राहतो’ असं म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘माझा एक मित्र नाशिकला राहतो.’ डोक्यात मित्र एकच असतो. हेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘वन ऑफ माय’ हा तयार तुकडा जिभेवर येतो आणि त्याला तो एकटा मित्र चिकटतो: ‘वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक.’ पण ‘वन ऑफ’ म्हटलं की आधी घोळका लागतो, मग त्यातून एक उचलायचा. एका मित्रातून एक मित्र कसा उचलणार? म्हणून ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक’.

यात ‘मित्र’ हा शब्दही आपल्याला दगा देतो. एक मित्र, चार मित्र. एक सभासद, चार सभासद. एक प्रश्न, चार प्रश्न. अकारान्त पुल्लिंगी नामं मराठीत अनेकवचनात बदलत नाहीत. ‘मित्रांपैकी’मध्ये अनेकवचनाची खूण म्हणजे डोक्यावरचा एक अनुस्वार, आणि तोही बोलताना पुष्कळदा गिळला जातो. अनेकवचन शब्दाच्या शेवटी ठसठशीत ऐकू यावं, ही सवयच आपल्या कानाला या शब्दांपुरती नाही. म्हणून ‘वन ऑफ द रीझन’, ‘वन ऑफ द प्रॉब्लेम’, ‘वन ऑफ द बेस्ट हॉटेल’ हे तुकडे मी रोज वाचतो.

त्यामुळे दुसरी पायरी: इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मराठी वाक्य ‘पैकी’ घालून म्हणा. ‘माझा एक मित्र’ नको, ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हणा. ‘पैकी’ घातलं की घोळका आपोआप तयार होतो आणि ‘फ्रेंड्स’चा ‘स’ विसरता येत नाही. ‘पैकी’ घालून वाक्य अवघडल्यासारखं वाटलं, तर ‘वन ऑफ’ वापरूच नका. ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा नुसतं ‘अ फ्रेंड’ पुरतं.

ज्या नामांना अनेकवचनच नाही, तिथे हा घोळका बनत नाही. ‘वन ऑफ द फर्निचर’ आणि ‘वन ऑफ द फर्निचर्स’ ही दोन्ही चूक. फर्निचर इंग्रजीला मोजता येत नाही, जसं आपल्याला ‘सामान’ मोजता येत नाही. दोन सामानं, तीन सामानं असं आपण म्हणत नाही, ‘सामानातली एक वस्तू’ म्हणतो. इंग्रजीतही ‘वन पीस ऑफ फर्निचर’. इक्विपमेंट, इन्फॉर्मेशन, लगेज, अॅडव्हाइस यांची गत तीच.

आणखी एक छोटी गोष्ट. ‘वन ऑफ’च्या मागे घोळका कुणाचा, हे सांगणारा शब्द हवाच: द, माय, अवर, दोज. ‘वन ऑफ मेंबर्स’ चालत नाही. मराठीत ‘द’ला प्रतिशब्द नसल्यामुळे तो घाईत गळतो. ‘वन ऑफ अस’ किंवा ‘वन ऑफ देम’मध्ये मात्र तो लागत नाही, कारण ‘अस’ म्हणताच घोळका ठरलेला असतो.

आदराची अडचण

‘पैकी’ची युक्ती एका ठिकाणी फसते, आणि तिथे मी स्वतः फसलो आहे. एका ग्राहकाला पत्र गेलं होतं: “वन ऑफ अवर डायरेक्टर्स आर व्हिजिटिंग पुणे ऑन मंडे.” पत्र माझंच होतं. ‘पैकी’ घालून तपासलंही होतं: ‘आमच्या संचालकांपैकी एक सोमवारी पुण्याला येत आहेत.’ मराठी बरोबर, म्हणून इंग्रजीही बरोबर वाटलं.

घोळ ‘येत आहेत’मध्ये होता. ते अनेकवचन नाही, आदर आहे. साहेब आले, काका राहतात, डॉक्टर बसले आहेत: माणूस एकच, क्रियापद अनेकवचनी. इंग्रजी क्रियापदाला आदर कळत नाही. एक संचालक म्हणजे ‘इज’, मग तो कितीही मोठा असो. ‘वन ऑफ माय अंकल्स आर अ डॉक्टर’ ही चूकही याच वाटेने येते.

उपाय सोपा आहे. तपासताना मोठ्या माणसाच्या जागी ‘मुलगा’ किंवा ‘कारकून’ बसवा. ‘आमच्या मुलांपैकी एक येत आहे.’ आदर गेला, ‘आहे’ आलं, ‘इज’ ठरलं. पत्रात काही बदलायचं नाही, हे आपल्या मनात करायचं.

दुसरी अडचण भूतकाळाची. ‘मुलांपैकी एकाने काचा फोडल्या’ इथे ‘एका’लाही ‘ने’ लागला आणि क्रियापद काचांकडे गेलं, त्यामुळे हे मराठी वाक्य तुम्हाला काही सांगू शकत नाही. म्हणून तपासायचं वाक्य नेहमी ‘आहे-आहेत’ किंवा ‘येतो-येतात’ असं वर्तमानातलं करा.

‘ईच अँड एव्हरी’: दोन शब्द, पण माणसं दोन नव्हेत

इथे चूक ‘अँड’मुळे होते. राम अँड श्याम म्हटलं की ‘आर’, मग ईच अँड एव्हरी म्हटलं की ‘आर’ का नाही? कारण ‘अँड’ने इथे दोन माणसं जोडलेली नाहीत. एकच गोष्ट जोर देऊन दोनदा म्हटली आहे. शब्दांचा इतिहास पाहिला तर दोन्ही घरचेच आहेत. ‘एव्हरी’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘एव्हर’ आणि ‘ईच’च्या पूर्वजांचा जोडशब्द आहे. म्हणजे ‘ईच अँड एव्हरी’ म्हणताना आपण ‘ईच’ दोनदा म्हणतो.

मराठीत याला अगदी चपखल जोड आहे: ‘एकूण एक’. ‘एकूण एक माणूस जेवून गेला.’ सगळं गाव जेवलं तरी ‘माणूस’ एकवचनी आणि ‘गेला’ एकवचनी. ‘झाडून सगळे’ म्हटलं तर ‘झाडून सगळे जेवून गेले’. अर्थ तोच, वचन वेगळं. ‘ईच अँड एव्हरी’ म्हणजे ‘एकूण एक’, आणि ‘ऑल’ म्हणजे ‘झाडून सगळे’. माझ्या नोटिशीत मी ‘एकूण एक माणसं गेली’ अशी खिचडी केली होती. दुरुस्ती दोन पद्धतींनी होते: ‘ईच अँड एव्हरी मेंबर इज रिक्वेस्टेड’ किंवा ‘ऑल मेंबर्स आर रिक्वेस्टेड’. मला दुसरी आवडते. ‘ईच अँड एव्हरी’ दस्तऐवजी भाषेत मुरलेला आहे, पण जिन्याने जा एवढंच सांगायला इतका दम देण्याची गरज नसते. बाईंनी तर तो तुकडाच खोडून ‘ऑल’ केला होता.

नाम अनेकवचनी वापरायचंच असेल तर ‘ऑफ’ घ्यावा लागतो, आणि ‘ऑफ’ आला की त्याच्याआधी ‘वन’ लागतो: ‘ईच अँड एव्हरी वन ऑफ द मेंबर्स हॅज पेड.’ ‘एव्हरी ऑफ द मेंबर्स’ हे इंग्रजीत नाहीच. ‘ईच ऑफ द मेंबर्स’ मात्र आहे, ‘ईच’ला एकट्याने उभं राहता येतं. क्रियापद दोन्हीकडे एकवचनी, कारण ‘मेंबर्स’ पुन्हा ‘ऑफ’च्या मागे झाकला गेला. कर्ते दोन जोडले तरी ‘एव्हरी’ हटत नाही: ‘एव्हरी ओनर अँड एव्हरी टेनंट हॅज अ की.’ जसं आपण ‘प्रत्येक मालकाकडे आणि प्रत्येक भाडेकरूकडे किल्ली आहे’ म्हणतो, ‘किल्ल्या आहेत’ म्हणत नाही.

आता एक जागा अशी आहे की ‘ईच’ असूनही क्रियापद अनेकवचनी येतं, आणि हुशार माणसं तिथे नियम लावून चुकतात. ‘द मेंबर्स ईच हॅव टू कीज.’ इथे ‘ईच’ कर्त्याच्या नंतर आला आहे. मराठीत या दोन जागांसाठी दोन शब्दच आहेत, ‘प्रत्येक’ आणि ‘प्रत्येकी’. ‘प्रत्येक सभासद शंभर रुपये देतो’, पण ‘सभासद प्रत्येकी शंभर रुपये देतात’. ‘प्रत्येकी’ नुसतं वाटप सांगतं, कर्ता ‘सभासद’च राहतो. वाक्यात ‘प्रत्येकी’ बसत असेल तर कर्त्याचं वचन बघा, ‘ईच’कडे बघू नका.

सर्वनामाचा प्रश्न राहतो: ‘ईच अँड एव्हरी मेंबर मस्ट ब्रिंग …’, पुढे ‘हिज’ की ‘देअर’? मराठीत हा प्रश्न पडत नाही. ‘प्रत्येकाने आपापली पावती आणावी’ म्हटलं की स्त्री, पुरुष, एक, अनेक सगळे त्या ‘आपापली’त मावतात. इंग्रजीला ‘आपापला’ नाही. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘हिज’ सापडेल, काळजीपूर्वक लिहिणारे ‘हिज ऑर हर’ लिहायचे, आणि आज ‘देअर’ सर्रास चालतो. पण ‘देअर’ लिहिलं म्हणून क्रियापद बदलत नाही. ‘ईच मेंबर हॅज देअर ओन पार्किंग’ चालेल, ‘ईच मेंबर हॅव’ चालणार नाही. स्पर्धा परीक्षेत मात्र पर्याय बघून उत्तर द्या. ‘हॅव’सारखी ढळढळीत चूक दुसऱ्या भागात असेल, तर ‘देअर’ला चूक ठरवायला जाऊ नका.

ढीगभर कपडे आणि कपड्यांचा ढीग

आता तो अपवाद. ‘ऑफ’च्या मागचं झाकायचं म्हटलं, तर ‘अ नंबर ऑफ मेंबर्स’मध्ये ‘अ नंबर’ उरतो आणि क्रियापद ‘हॅज’ व्हायला हवं. पण बरोबर आहे ‘हॅव’. असं का?

पलंगावर कपडे पडलेले आहेत. तुम्ही म्हणाल, ‘ढीगभर कपडे पडले आहेत.’ किंवा म्हणाल, ‘कपड्यांचा ढीग पडला आहे.’ पलंग तोच, कपडे तेच, ‘ढीग’ हा शब्दही दोन्हीकडे आहे. पण पहिल्या वाक्यात ‘ढीगभर’ हे कपड्यांचं विशेषण झालं आहे. किती कपडे? ढीगभर. क्रियापद कपड्यांचं ऐकतं. दुसऱ्यात कपड्यांना ‘चा’ लागला, ढीग कर्ता झाला, क्रियापद ढिगाचं ऐकतं.

‘अ नंबर ऑफ’ म्हणजे ‘ढीगभर’. दिसायला त्यात नाम आणि ‘ऑफ’ आहे, पण काम तो ‘अनेक’ या विशेषणाचं करतो. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे खरीखुरी ‘संख्या’. म्हणून मराठीत ‘अनेक सभासद आले आहेत’ आणि ‘सभासदांची संख्या वाढली आहे’. ‘संख्या वाढले आहेत’ असं कुणी म्हणत नाही.

तिसरी पायरी इथली: ‘नंबर’च्या जागी आधी ‘अनेक’ आणि मग ‘संख्या’ घालून बघा. ‘अनेक’ बसलं तर नाम अनेकवचनी, क्रियापद अनेकवचनी, आणि सुरुवातीला ‘अ’. ‘संख्या’ बसली तर नाम अनेकवचनीच, पण क्रियापद एकवचनी, आणि सुरुवातीला ‘द’. मराठीला ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून आपल्याला ते किरकोळ वाटतात. इथे सगळा अर्थ त्या एका अक्षरावर आहे.

त्यातूनही शंका राहिली तर बाईंचा प्रश्न विचारा. पुढे जे म्हटलं आहे ते संख्या करू शकते का? संख्या वाढते, घटते, बेचाळीस असते, मर्यादेबाहेर जाते. संख्या तक्रार करत नाही, उशिरा येत नाही, भाडं थकवत नाही. ‘नंबर ऑफ टेनंट्स … नॉट पेड’ असं काही लिहायचं असेल, तर भाडं माणसांनी थकवलं आहे: ‘अ नंबर ऑफ टेनंट्स हॅव नॉट पेड.’ किती जणांनी थकवलं हा आकडा मोठा आहे असं सांगायचं असेल: ‘द नंबर ऑफ डिफॉल्टर्स इज हाय.’ मी नोटिशीत दोन्ही ‘नंबर’ची क्रियापदं नेमकी उलटी लावली होती. पन्नास टक्के तरी बरोबर यावं, असंही नशीब नव्हतं.

मध्ये विशेषण आलं तरी हिशोब बदलत नाही. ‘अ लार्ज नंबर ऑफ’, ‘अ स्मॉल नंबर ऑफ’, ‘अॅन इन्क्रीजिंग नंबर ऑफ’ यांच्यापुढे अनेकवचन. ‘द टोटल नंबर ऑफ’, ‘द अॅव्हरेज नंबर ऑफ’ यांच्यापुढे एकवचन. ‘देअर’ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद आधीच येऊन बसतं, म्हणून तिथे पुढे डोकावावं लागतं: ‘देअर आर अ नंबर ऑफ रीझन्स.’ बोलताना इंग्रज लोकही इथे ‘देअर्स’ म्हणून जातात. लिहिताना ‘आर’च ठेवा. आणि ‘अ नंबर ऑफ’ फक्त मोजता येणाऱ्या गोष्टींना लागतो. पाण्याला, पैशाला, वेळेला तो लावायचा नाही.

‘हू’ आला की

आतापर्यंतचं जमलं की लोक एका वाक्यात हमखास अडतात: ‘ही इज वन ऑफ द मेंबर्स हू …’ पुढे ‘पे’ की ‘पेज’? ‘वन’ एकवचनी हे नुकतंच शिकलेलं असतं, म्हणून हात ‘पेज’कडे जातो.

मराठीत जे-ते लावून वाक्य फोडा. ‘जे सभासद आगाऊ पैसे भरतात, त्यांच्यापैकी तो एक आहे.’ यात क्रियापदं दोन आहेत. ‘आहे’ हे त्याचं, ‘भरतात’ हे सभासदांचं. आगाऊ भरणारा एक गट आहे आणि तो त्यातला एक. म्हणून ‘ही इज वन ऑफ द मेंबर्स हू पे इन अॅडव्हान्स’. आता ‘सभासदांपैकी जो आगाऊ पैसे भरतो, असा तो एकटाच’ म्हणून बघा. ‘जे’चा ‘जो’ झाला. गटच उरला नाही. म्हणून ‘ही इज द ओन्ली वन ऑफ द मेंबर्स हू पेज इन अॅडव्हान्स’. ‘जे’ की ‘जो’, एवढ्यावर निकाल लागतो.

पहिल्या प्रकारात चांगले लिहिणारेही कधीकधी एकवचन वापरतात, आणि त्यावर जाणकारांत जुना वाद आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या पत्रात ‘हू पेज’ दिसलं तर मी गोल काढत नाही. स्वतः लिहिताना आणि परीक्षेत मात्र ‘जे’ला अनेकवचन देणं सुरक्षित. ‘द ओन्ली वन’च्या बाबतीत असा वाद नाही.

एक लांब वाक्य सोडवून

गेल्या महिन्यात समितीच्या एका तरुण सदस्याने वार्षिक सभेच्या अहवालाचा मसुदा पाठवला. त्यातलं एक वाक्य: “द नंबर ऑफ मेंबर्स हू हॅज नॉट सबमिटेड देअर नॉमिनेशन फॉर्म्स आर सेव्हन्टीन, अँड वन ऑफ द मेन रीझन आर दॅट अ नंबर ऑफ फ्लॅट ओनर्स लिव्ह्ज अब्रॉड.”

दम लागतो, पण क्रियापदं चारच आहेत. एकेक घेऊ. ‘हॅज नॉट सबमिटेड’: फॉर्म कुणी दिले नाहीत? ‘ज्या सभासदांनी’, गट आहे, म्हणून ‘हॅव’. ‘आर सेव्हन्टीन’: सतरा काय आहे? संख्या. ‘संख्या सतरा आहे’, म्हणून ‘इज’. एकाच कर्त्याच्या पोटात आधी ‘हॅव’ आणि मग ‘इज’ आलेलं पाहून तो सदस्य गडबडला, पण मराठी बघा: ‘ज्या सभासदांचे फॉर्म आलेले नाहीत, त्यांची संख्या सतरा आहे.’ इथेही ‘नाहीत’ आणि ‘आहे’ सुखाने नांदतात. पुढे ‘मुख्य कारणांपैकी एक’, म्हणून ‘रीझन्स’ आणि ‘इज’. शेवटी ‘अनेक फ्लॅटमालक परदेशात राहतात’. संख्या परदेशात राहत नाही, म्हणून ‘लिव्ह’.

झालेलं वाक्य: “द नंबर ऑफ मेंबर्स हू हॅव नॉट सबमिटेड देअर नॉमिनेशन फॉर्म्स इज सेव्हन्टीन, अँड वन ऑफ द मेन रीझन्स इज दॅट अ नंबर ऑफ फ्लॅट ओनर्स लिव्ह अब्रॉड.”

त्याने विचारलं, “काका, भूतकाळात लिहिलं असतं तर एवढं बघावं लागलं नसतं ना?” अर्धं खरं आहे. साध्या भूतकाळात ‘सबमिटेड’, ‘लिव्ह्ड’ सगळ्यांना सारखंच, आणि ‘विल’, ‘मस्ट’, ‘कॅन’ यांनाही वचन नसतं. फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ तिथेही पकडतात. पण ‘रीझन’चा ‘स’ कुठल्याच काळात चुकवता येत नाही. तो ‘पैकी’ म्हणूनच आणावा लागतो.

अहवाल मी बाईंकडे पाठवला. तो तसाच परत आला, फक्त ‘सतरा’च्या समासात त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं, “सोळा. माझा फॉर्म मी काल दिला.”